एकच पाऊस, दोन करार : पैज आणि विमा यांच्यातील सीमारेषा

भारतीय करार कायदा, १८७२ या अधिनियमात दोन कलमे एकमेकांना खेटून उभी आहेत. कलम ३० पैजेचा करार रद्दबातल ठरवते. लगेच पुढचे कलम ३१ सांयोगिक कराराची, म्हणजे एखादी अनिश्चित घटना घडली तर किंवा न घडली तरच पाळावयाच्या कराराची, व्याख्या करून त्याला न्यायालयाचे दार उघडे करून देते. दोन्हींत पैशाचे वचन असते, दोन्हींत भविष्यातील घटना असते आणि ती घडेल की नाही हे कोणालाच ठाऊक नसते. मग एक करार न्यायालयात टिकतो आणि दुसरा दारातूनच परत पाठविला जातो, हे कशामुळे? कायद्याचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांना हा प्रश्न परीक्षेत हमखास भेटतो. परंतु ज्या पालकांनी कधी पीकविम्याचा अर्ज भरला आहे, आयुर्विम्याची पॉलिसी घेतली आहे किंवा तरुण मंडळाच्या सोडतीचे तिकीट घेतले आहे, त्यांचाही या प्रश्नाशी रोजचा संबंध आहे. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही ही एकच सीमारेषा सावकाश उलगडून पाहणार आहोत.

प्रश्न आणि त्याचे चार पर्याय

परीक्षेत हा प्रश्न साधारणतः पर्यायांच्या रूपाने येतो. आपल्या परिसराला साजेसे चार पर्याय आम्ही येथे रचले आहेत. यांपैकी न्यायालयाच्या मदतीने अंमलात आणता येईल असा करार कोणता, ते वाचकांनी मनाशी ठरवावे.

(अ) तुळजापुरातील दोन मित्र ठरवितात की, येत्या १५ ऑक्टोबरला पाऊस पडला तर दुसऱ्याने पहिल्याला ५,००० रुपये द्यावेत आणि न पडला तर पहिल्याने दुसऱ्याला तेवढेच द्यावेत.

(आ) एक शेतकरी आपल्या दोन हेक्टर सोयाबीनचा विमा उतरवितो. पावसाने उत्पादन घटले तर कंपनीने ठरलेल्या हिशेबाने भरपाई द्यावयाची आहे.

(इ) एक तरुण मंडळ शंभर रुपयांची तिकिटे विकते. ज्याच्या तिकिटाचा क्रमांक चिठ्ठीत निघेल त्याला दुचाकी द्यावयाची आहे.

(ई) एक गृहस्थ ज्याच्याशी आपले कसलेही नाते किंवा देणेघेणे नाही, अशा परक्या माणसाच्या आयुष्याचा विमा आपल्या फायद्यासाठी उतरवितो.

पहिला पर्याय पैजेचा आहे, हे सहज कळते. दुसरा विम्याचा आहे, हेही कळते. अडचण तिसऱ्या आणि चौथ्या पर्यायाशी सुरू होते. तिसऱ्यात कोणी कोणाशी समोरासमोर पैज लावलेली नाही. चौथ्याच्या कागदावर तर 'विमा पॉलिसी' असेच छापलेले असते. नावावरून निर्णय घेणारा येथे हमखास चुकतो, कारण कायदा कागदाचे नाव पाहत नाही, करारामागील हितसंबंध पाहतो.

पहिली कसोटी : दोघांनाही जिंकण्याची आणि हरण्याची शक्यता

करार कायद्यात 'पैज' या शब्दाची व्याख्या दिलेली नाही. ती न्यायालयांनी घडविली. इंग्लंडमध्ये 'कार्बोलिक स्मोक बॉल' या गाजलेल्या खटल्यात न्यायमूर्ती हॉकिन्स यांनी १८९२ साली जे वर्णन केले, त्याचाच आधार भारतीय न्यायालये आजही घेतात. त्याचा आशय असा की, भविष्यातील एखाद्या अनिश्चित घटनेबद्दल दोन माणसे परस्परविरोधी मते धरतात. निकालानुसार एकाने दुसऱ्याला रक्कम द्यावी असे ठरते. आणि त्या रकमेखेरीज दोघांपैकी कोणालाही त्या घटनेत दुसरा हितसंबंध नसतो. प्रत्येकाला जिंकण्याची किंवा हरण्याची शक्यता असली पाहिजे. एक पक्ष फक्त जिंकू शकतो पण हरू शकत नाही, किंवा उलट, असे असेल तर ती पैज नव्हे.

या कसोटीचा अर्थ समजावून सांगणारा एक खटला आपल्याच मातीतला आणि कुस्तीच्या आखाड्यातला आहे. 'बाबासाहेब रहिमसाहेब विरुद्ध राजाराम रघुनाथ आल्पे' हे प्रकरण १९३० च्या सुमारास मुंबई उच्च न्यायालयासमोर आले. दोन मल्लांनी पुण्यात कुस्ती करण्याचे ठरविले होते. ठरल्या दिवशी जो आखाड्यात उतरणार नाही त्याने दुसऱ्याला ५०० रुपये द्यावेत आणि जो जिंकेल त्याला तिकिटांच्या उत्पन्नातून १,१२५ रुपये मिळावेत, अशा अटी होत्या. एक मल्ल आलाच नाही. दुसऱ्याने ५०० रुपयांचा दावा लावला. तेव्हा गैरहजर मल्लाने बचाव मांडला की, हा सारा व्यवहार पैजेचा आहे, म्हणून रद्दबातल आहे.

न्यायालयाने हा बचाव फेटाळला. कुस्तीचा निकाल अनिश्चित होता, यात शंका नव्हती. पण हरणाऱ्या मल्लाच्या खिशातून त्या निकालामुळे एक पैसाही जाणार नव्हता. बक्षिसाची रक्कम प्रेक्षकांनी भरलेल्या तिकिटांतून यावयाची होती. जिंकला तर मिळेल, हरला तर मिळणार नाही, एवढेच. आणि ५०० रुपये कुस्तीच्या निकालासाठी नव्हते, वचन देऊन गैरहजर राहिल्याबद्दल होते. समजा, त्याच दोन मल्लांनी आपापल्या पदरचे पाचशे रुपये तिऱ्हाइताकडे ठेवून 'जिंकेल त्याने हजार घ्यावेत' असे ठरविले असते, तर चित्र पालटले असते. आखाडा तोच, मल्ल तेच, कुस्ती तीच. पण पैसा कोठून येतो यावर करार टिकणार की नाही हे ठरते.

आपल्याकडील जत्रांतील इनामी कुस्त्या याच कारणाने पैजेत मोडत नाहीत. इनाम गावाने किंवा पंचकमिटीने लावलेले असते, मल्लांनी एकमेकांविरुद्ध लावलेले नसते. मात्र कडेला उभे राहून 'याच्यावर माझे हजार' म्हणणाऱ्या दोन प्रेक्षकांचा व्यवहार निव्वळ पैज असतो.

दुसरी कसोटी : करार नसता तर घटनेने तुमचे काही बिघडले असते का?

पहिली कसोटी लावून विमा सुटत नाही. विमा कंपनीही जिंकते किंवा हरते असे वरवर पाहता म्हणता येईल. घर जळले नाही तर हप्ता कंपनीचा, जळले तर मोठी रक्कम घरमालकाची. मग विमा पैजेपासून वेगळा कसा?

येथे दुसरी आणि खरी निर्णायक कसोटी लागते. करार बाजूला ठेवावा आणि एकच प्रश्न विचारावा : हा करार केलाच नसता, तरीही ती घटना घडल्याने या माणसाचे नुकसान झाले असते का? ज्याचे स्वतःचे घर आहे, त्याचे ते जळल्याने नुकसान होणारच, विमा असो वा नसो. धोका करारापूर्वीच अस्तित्वात होता. विम्याने तो दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवला इतकेच. पैजेत नेमके उलटे असते. १५ ऑक्टोबरच्या पावसाने त्या दोन मित्रांचे काही बिघडणार नव्हते. पाच हजारांचा धोका त्यांच्या बोलण्यातूनच जन्माला आला. विमा असलेला धोका सरकवितो, पैज नसलेला धोका निर्माण करते. करारापूर्वीच असलेल्या या संबंधाला विम्याच्या भाषेत 'विमायोग्य हितसंबंध' म्हणतात.

कलम ३१ च्या खाली कायद्याने दिलेले उदाहरण या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. 'ब'चे घर जळाले तर 'अ' त्याला १०,००० रुपये देईल, हा सांयोगिक करार होय, असे तेथे म्हटले आहे. घर 'ब'चे आहे, हा एक शब्द त्या उदाहरणाचा प्राण आहे. तेथे 'क'चे घर असे लिहिले आणि त्या घरात 'ब'चा काहीही संबंध नसेल, तर बाकी एकही अक्षर न बदलता ते उदाहरण कलम ३१ मधून कलम ३० मध्ये जाऊन पडेल.

मुंबई उच्च न्यायालयासमोर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या 'आलामाई विरुद्ध पॉझिटिव्ह गव्हर्नमेंट सिक्युरिटी लाइफ इन्शुरन्स कंपनी' या प्रकरणात हीच कसोटी लागली. एका गृहस्थाच्या पदरी असलेल्या कारकुनाच्या पत्नीने स्वतःच्या आयुष्यावर २५,००० रुपयांची, दहा वर्षांच्या मुदतीची पॉलिसी घेतली. साधारण आठवड्याभरात तिने ती पॉलिसी त्या गृहस्थाच्या पत्नीच्या नावे करून दिली. त्यानंतर महिन्याभरात विमा उतरविलेली स्त्री मरण पावली. ज्यांच्या नावे पॉलिसी झाली होती, त्या बाईंनी रकमेचा दावा लावला.

कागदपत्रे पाहिली तर सारे नियमानुसार होते. प्रत्येकाला स्वतःच्या आयुष्यात हितसंबंध असतोच, आणि पॉलिसी दुसऱ्याला हस्तांतरित करण्यासही कायद्याची मनाई नव्हती. परंतु न्यायालयाने कागदाच्या मागे पाहिले. पॉलिसी त्या स्त्रीच्या किंवा तिच्या कुटुंबाच्या उपयोगासाठी काढलेलीच नव्हती. ती मालकाच्या फायद्यासाठी काढलेली होती आणि मालकाला कारकुनाच्या पत्नीच्या जगण्यात विमायोग्य हितसंबंध नव्हता. म्हणून हा विमा नव्हे, एका माणसाच्या मृत्यूवर लावलेली पैज आहे, असे ठरून दावा फेटाळला गेला.

कायदा येथे इतका कठोर का, हे वेगळे सांगण्याची गरज पडू नये. ज्याला माझ्या जगण्याने काही लाभ नाही पण मरणाने पंचवीस हजार मिळणार आहेत, अशा माणसाच्या हाती माझी पॉलिसी असणे ही माझ्यासाठी सुरक्षितता नाही. हितसंबंधाची अट विमा कंपनीच्या तिजोरीपुरती नाही. ती विमा उतरविलेल्या माणसाच्या जिवाचेही रक्षण करते. याउलट पती-पत्नीला एकमेकांच्या आयुष्यात असा संबंध असतो. धनकोला ऋणकोच्या आयुष्यात कर्जाच्या रकमेपुरता असतो. तो कधी असला पाहिजे, हेही ठरलेले आहे. आयुर्विम्यात तो पॉलिसी घेताना असावा लागतो. आगीच्या विम्यात पॉलिसी घेताना आणि नुकसान होतानाही असावा लागतो. घर विकून टाकल्यावर ते जळले तर जुन्या मालकाला त्याच्या पॉलिसीवर भरपाई मागता येत नाही.

सोडतीचे तिकीट : परवानगी मिळाली म्हणजे पैज संपत नाही

आता तिसरा पर्याय पाहू. सोडतीत तीन गोष्टी एकत्र येतात : तिकिटापोटी दिलेले पैसे, बक्षीस आणि ते निव्वळ नशिबाने वाटले जाणे. तिकीट घेणाऱ्याचा निघणाऱ्या क्रमांकाशी तिकिटापलीकडे काहीही संबंध नसतो. तो क्रमांक न निघाल्याने त्याचे शेत बुडत नाही की घर जळत नाही. शंभर रुपये गमावण्याचा धोका त्याने तिकीट घेऊनच निर्माण केला. म्हणून सोडत ही पैजेच्याच कुळातली आहे.

'पण सरकारने परवानगी दिली असेल तर?' असा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात. पहिल्या महायुद्धाच्या काळात 'सर दोराबजी जमशेटजी टाटा विरुद्ध एडवर्ड लान्स' या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयापुढे हाच प्रश्न होता. वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबची सोडत शासनाच्या संमतीने निघाली होती. न्यायालयाने परवानगीचा अर्थ मर्यादित ठेवला. संमतीमुळे सोडत काढणारा फौजदारी शिक्षेतून सुटतो, पण तेवढ्याने कलम ३० पुसले जात नाही आणि पैजेचा व्यवहार वैध करार होत नाही.

हा भेद नीट लक्षात ठेवावा. एखादी गोष्ट गुन्हा आहे का, हा एक प्रश्न आणि तिच्यावर दिवाणी दावा लावता येतो का, हा दुसरा. महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ पासून चालू आहे. राज्यांच्या लॉटऱ्यांना १९९८ च्या केंद्रीय कायद्याने नियमांची चौकट दिली. त्यांचे तिकीट घेणे गुन्हा नाही. तरीही 'बी. आर. एंटरप्रायझेस' प्रकरणात १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, राज्याने चालविल्याने लॉटरीचे जुगाराचे मूळ स्वरूप बदलत नाही. तरुण मंडळाच्या सोडतीची स्थिती तर याहून नाजूक आहे. शासनाच्या परवानगीविना सोडतीचे कार्यालय चालविणे पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम २९४-अ खाली आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ खाली गुन्हा आहे. ज्याचा क्रमांक निघाला त्याला दुचाकी दिली नाही, तर तो न्यायालयाचे दार ठोठावू शकत नाही. आणि ज्यांनी सोडत काढली त्यांच्यावर खटला होऊ शकतो.

आपल्या शिवारातले उदाहरण

दुसरा पर्याय सर्वांत परिचयाचा आहे, म्हणून तो हिशेबासह पाहू. प्रधानमंत्री पीकविमा योजनेत खरिपाच्या अन्नधान्य व गळीत पिकांसाठी शेतकऱ्याचा हप्ता विमा संरक्षित रकमेच्या कमाल दोन टक्के असतो. हिशेबाच्या सोयीसाठी आम्ही संरक्षित रक्कम हेक्टरी ५०,००० रुपये धरतो. दोन हेक्टरांसाठी शेतकऱ्याचा हप्ता २,००० रुपये झाला.

या योजनेत उत्पादनाची घट प्रत्येक शेतात मोजली जात नाही. सोयाबीनसारख्या मुख्य पिकासाठी साधारणतः महसूल मंडळ हे एकक धरतात आणि त्यात पीक कापणी प्रयोग घेतात. मागील सात वर्षांतील चांगल्या पाच वर्षांची सरासरी काढून तिला ठरलेल्या जोखीमस्तराने गुणले की 'उंबरठा उत्पादन' मिळते. समजा ते हेक्टरी १,००० किलो आहे आणि यंदाचे सरासरी उत्पादन ६५० किलो निघाले. घट ३५० किलोंची, म्हणजे ३५ टक्के. संरक्षित रकमेच्या ३५ टक्के म्हणजे हेक्टरी १७,५०० आणि दोन हेक्टरांचे ३५,००० रुपये.

आता हेच आकडे दोन माणसांना लावू. पहिल्याने खरोखर सोयाबीन पेरले होते. पावसाने त्याच्या घरात येणारे धान्य घटले आणि ३५,००० रुपयांनी तो होता त्या जागेच्या जवळपास परत आला. दुसऱ्याने काहीच पेरले नव्हते, किंवा परक्याच्याच गटाचा क्रमांक अर्जात भरला होता. पावसाने त्याचे काही गेले नाही. आलेले ३५,००० रुपये निव्वळ कमाई आहे. हप्ता तोच, पाऊस तोच, अर्जाचा नमुना तोच. पण पहिल्याचा व्यवहार विमा आहे आणि दुसऱ्याचा विम्याचे सोंग घेतलेली पैज आहे. वर खोट्या माहितीची फसवणूक आहेच. महाराष्ट्रात खरीप २०२३ पासून शेतकऱ्याचा हप्ता एक रुपयावर आणला गेला आणि त्यानंतर शासकीय किंवा देवस्थानच्या जमिनींवर, न पेरलेल्या पिकांवर भरलेले बोगस अर्ज मोठ्या संख्येने उघडकीस आले. खरीप २०२५ पासून एक रुपयाची ही सवलत बंद झाली. करार कायद्याच्या दृष्टीने त्या अर्जांत नेमके काय नव्हते, हे आता वाचकांना सांगता येईल : पिकाशी हितसंबंध नव्हता. तो हितसंबंध केवळ सातबारावरील मालकालाच असतो असे मात्र नाही. कूळ म्हणून किंवा वाट्याने प्रत्यक्ष जमीन कसणाऱ्यालाही तो असतो, कारण पीक बुडाले तर त्याचाही वाटा बुडतो.

सांयोगिक कराराची एक मर्यादाही याच ठिकाणी दिसते. कोणत्या घटनेवर पैसे द्यावयाचे, हे करारात लिहिलेले असते आणि न्यायालय प्रथम तीच घटना पाहते. वरील हिशेबात घटना 'मंडळाचे सरासरी उत्पादन घटणे' ही आहे, 'माझ्या शेतातील उत्पादन घटणे' ही नाही. म्हणून ओढ्याकाठच्या एखाद्या शेतकऱ्याचे सारे पीक वाहून जाऊनही मंडळाची सरासरी टिकली तर या हिशेबाने त्याला काही मिळत नाही, आणि माळावरच्या एखाद्याचे पीक बरे येऊनही त्याला रक्कम मिळते. या दुसऱ्या माणसाचा करार पैज ठरतो का? आमच्या मते नाही. त्याने पीक पेरले होते आणि करार करताना ते बुडण्याचा धोका त्याच्याही डोक्यावर होता. भरपाईचे माप ढोबळ आहे. हितसंबंध मात्र खरा आहे.

घटना कोणती आणि ती सिद्ध करण्याची रीत कोणती, या प्रश्नाची किंमत आपल्या जिल्ह्याने मोजलेली आहे. ऑक्टोबर २०२० मधील अतिवृष्टीने धाराशिव जिल्ह्यातील सोयाबीनची अपार हानी केली. नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत दिली नाही, या कारणाने बहुसंख्य शेतकऱ्यांना भरपाई नाकारली गेली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेले आणि मे २०२२ मध्ये साडेतीन लाखांहून अधिक शेतकऱ्यांना भरपाई देण्याचा आदेश झाला. पुढे वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. पाऊस पडला होता की नाही, पीक गेले होते की नाही, यावर तो वाद नव्हता. शासकीय यंत्रणेचे पंचनामे उपलब्ध होते. वाद सूचनेच्या अटीचा होता. अभ्यासकाने यातून एक गोष्ट टिपून ठेवावी. हा व्यवहार पैजेचा असता, तर साडेतीन लाख माणसांना न्यायालयात उभे राहण्यास जागाच नव्हती. तो सांयोगिक करार होता, म्हणूनच त्याच्या अटींचा अर्थ काय, हा प्रश्न न्यायाधीशांपुढे मांडता आला.

विम्याबाहेरचे सांयोगिक करार

सांयोगिक करार म्हणजे केवळ विमा, असा समज होऊ नये. आपल्या बालाघाटच्या काळ्या पाषाणात कूपनलिका खोदताना होणारा एक तोंडी व्यवहार घ्या : 'तीनशे फुटांच्या आत पाणी लागले तर ठरलेल्या मजुरीवर दहा हजार जादा देईन, मात्र काम ३१ मेपूर्वी व्हावे.' पाणी लागेल की नाही हे अनिश्चित आहे. पण शेतकऱ्याला पाण्याची खरी गरज आहे आणि खोदणारा खरे काम करीत आहे. घटनेला करारापलीकडे अर्थ आहे, म्हणून हा करार वैध आहे.

पुढची कलमे त्याला लावून पाहता येतात. पाणी लागले की कलम ३२ नुसार जादा रक्कम मागण्याचा हक्क निर्माण होतो, त्याआधी नाही. ३१ मे उलटूनही पाणी लागले नाही, तर कलम ३५ नुसार ते वचन संपते; जूनमध्ये पाणी लागले म्हणून दहा हजार मागता येत नाहीत. मुळातच अशक्य घटनेवर दिलेले वचन कलम ३६ नुसार रद्दबातल असते. आणि 'मला वाटले तर देईन' असे म्हटले असेल, तर तो करारच नव्हे, कारण तेथे घटना वचन देणाऱ्याच्या मर्जीखेरीज दुसरी काही नाही.

रद्दबातल म्हणजे नेमके काय?

पैजेत हरलेल्याने पैसे दिले नाहीत तर जिंकलेल्याला दावा लावता येत नाही. त्या रकमेपोटी वचनचिठ्ठी लिहून घेतली तरी तिला जोर येत नाही. कायद्याने ठेवलेला अपवाद अगदी अरुंद आहे : घोड्यांच्या शर्यतीतील विजेत्याला द्यावयाच्या ५०० रुपये किंवा अधिक मूल्याच्या बक्षिसासाठी दिलेली वर्गणी.

मात्र 'रद्दबातल' आणि 'बेकायदेशीर' हे समानार्थी शब्द नाहीत. 'घेरुलाल पारख विरुद्ध महादेवदास मैया' या १९५९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा फरक स्पष्ट केला. दोघा भागीदारांनी हापूडच्या व्यापाऱ्यांशी गव्हाचे वायदे केले होते. तोटा आल्यावर एका भागीदाराने आपला वाटा उचलण्यास नकार दिला आणि सारा व्यवहार पैजेचा असल्याचे सांगितले. न्यायालयाने म्हटले की, पैज कलम ३० नुसार रद्दबातल आहे, पण तेवढ्याने ती बेकायदेशीर ठरत नाही. म्हणून तिच्याशी जोडलेला भागीदारीचा करार टिकतो. जुन्या मुंबई इलाख्यासाठी मात्र १८६५ चा स्वतंत्र कायदा होता. त्याने पैजेला जाणूनबुजून मदत करणारे करार आणि तिच्यासाठी दिलेली हमी यांनाही रद्दबातल ठरविले. तो कायदा जेथे लागू आहे, तेथे पैज लावण्यासाठी म्हणून माहीत असताना दिलेले उसने पैसेही वसूल करता येत नाहीत.

पर्यायांकडे परत

आता चारही पर्याय दोन कसोट्यांवर घासून पाहता येतील. (अ) मध्ये दोघांनाही हार-जीत आहे आणि पावसाशी दोघांचाही संबंध नाही : पैज. (आ) मध्ये पीक शेतकऱ्याचे स्वतःचे आहे : सांयोगिक करार, आणि म्हणून बरोबर उत्तर. (इ) मध्ये तिकिटापलीकडे हितसंबंध नाही : पैज, आणि विनापरवाना असल्यास गुन्हाही. (ई) वर विम्याची मोहोर असली तरी परक्याच्या आयुष्यात हितसंबंध नाही : पैज.

परीक्षक पुढच्या वर्षी एखादा शब्द बदलतील. (अ) मधल्या दोन मित्रांपैकी एकाचे कापलेले सोयाबीन उघड्यावर पडलेले आहे, असे सांगतील. तेव्हा विद्यार्थ्याने घाई करू नये. त्याला पावसाने नुकसान होणार, हे खरे. परंतु पाऊस न पडल्यास तो मित्राला पाच हजार देणार आहे ते कशापोटी, आणि पाऊस पडल्यास मिळणारे पाच हजार झालेल्या नुकसानीच्या मापाने ठरले आहेत की दोघांनी केवळ अंदाजावर लावले आहेत, हे आधी तपासावे. पैजेसाठी दोघांचाही हितसंबंध नसावा लागतो. एकाचा खरा हितसंबंध असेल आणि करार त्याच्याच रक्षणासाठी केलेला असेल, तर उत्तर बदलू शकते.

घरी विम्याचा कागद वाचतानाही क्रम हाच ठेवावा. ज्या गोष्टीचा विमा आहे तिच्यात आपला हितसंबंध काय आणि तो सिद्ध करणारा कागद कोणता, हे प्रथम पाहावे : सातबारा, पीकपेरा, भाडेपट्टा किंवा कर्जाचा दाखला. मग पैसे कोणत्या घटनेवर मिळणार आहेत ती ओळ शोधावी. पीकविम्यात ती हंगामागणिक बदलू शकते, म्हणून त्या हंगामाचा शासन निर्णय पाहावा. शेवटी ती घटना कोणाला, किती तासांत आणि कोणत्या रीतीने कळवावयाची, हे पाहावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर नसेल तर तो विमाच नव्हे. उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे ठाऊक नसतील, तर विमा खरा असूनही भरपाई हातातून निसटू शकते.